प्लास्टर हाताला, लक्ष बोटांवर

बेळगावच्या वडगावात आषाढ म्हणजे मंगाईची यात्रा आणि पाऊस. अंगणात शेवाळ, निसरडे कट्टे, आणि शाळा सुटल्यावर गल्लीत चाललेली पळापळी. पडताना माणूस आपसूक तळहात पुढे करतो. मग अंगाचं सगळं वजन मनगटाच्या थोडं वर, कोपराखालच्या दोन हाडांवर येतं. मुलांच्या हाडमोडीत मनगटाजवळची मोड सगळ्यांत जास्त दिसते, ती याच कारणाने.

दवाखान्यात फोटो निघतो, प्लास्टर बांधलं जातं आणि पालकांच्या हातात एक कागद येतो. तो बहुधा इंग्रजीत असतो, कधी कन्नडमध्ये. घरात मात्र मराठी बोलली जाते. डॉक्टर तोंडी सांगतात त्यातलं निम्मं ध्यानात राहत नाही, कारण आईचं लक्ष रडणाऱ्या पोराकडे आणि वडिलांचं लक्ष औषधांच्या दुकानाकडे असतं. घरी आल्यावर शेजारी जमतात आणि सल्ले सुरू होतात. पुढचे चार-सहा आठवडे घरात काय करायचं, काय बघायचं आणि कधी उठून दवाखाना गाठायचा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

समजा, मुलगा आठ वर्षांचा आहे, वजन पंचवीस किलो. मंगळवारी संध्याकाळी तो घसरून पडला. फोटोत दिसलं की मनगटाजवळ हाड एका बाजूने मोडलंय आणि दुसऱ्या बाजूने नुसतं वाकलंय. लहान मुलांचं हाड ओल्या फांदीसारखं असतं, कडकन तुटण्याआधी वाकतं. डॉक्टरांनी हाड जागेवर बसवलं, कोपराखालपासून तळहातापर्यंत कच्चं प्लास्टर बांधलं आणि रात्री घरी सोडलं. त्याच्या घरच्यांसोबत आपण पुढचे आठवडे बघू.

कच्चं आणि पक्कं

पहिल्या दिवशी अनेकदा कच्चं प्लास्टर बांधतात. त्यात कडक पट्टी हाताच्या एकाच बाजूला असते आणि वरून क्रेप बँडेज गुंडाळलेलं असतं. हात सुजणार हे डॉक्टरांना ठाऊक असतं, म्हणून सुजेला जागा ठेवलेली असते. सूज उतरली की चारही बाजूंनी बंद असलेलं पक्कं प्लास्टर चढवतात. त्यामुळे 'आधी अर्धवट का बांधलं?' म्हणून रागावण्याचं कारण नाही.

पक्क्या प्लास्टरचे दोन प्रकार आहेत. पांढरं, जड असतं ते प्लास्टर ऑफ पॅरिस. नेदरलँड्सचे लष्करी शल्यचिकित्सक मॅथायसन यांनी 1851 च्या सुमारास पट्टीत हे प्लास्टर भरून ती ओली करून बांधायची पद्धत काढली; आजही पद्धत तीच आहे. दुसरं फायबरचं, हलकं आणि रंगीत. फायबर अर्ध्या-एका तासात कडक होतं. पांढरं प्लास्टर हाताला दहा-पंधरा मिनिटांत घट्ट लागतं, पण आतपर्यंत पूर्ण वाळायला त्याला दोन ते तीन दिवस लागतात. पावसाळ्यातल्या दमट हवेत तर पुरते तीन दिवस धरावेत.

बांधताना प्लास्टर गरम लागतं. पाण्याशी प्रक्रिया होऊन उष्णता बाहेर पडते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. थोड्या वेळाने ते गार होतं. मात्र ओलं असताना ते बोटांनी चिमटून धरू नये. बोटाने पडलेला खड्डा तसाच वाळतो आणि आतून कातडीवर दाबत राहतो. हात उचलायचा तो दोन्ही तळहातांवर. रबरी चादरीवर किंवा प्लॅस्टिकवर ठेवू नये, सुती कापड घातलेल्या उशीवर ठेवावा आणि वरून पंखा लावावा. चुलीजवळ, शेगडीजवळ धरून किंवा गरम हवेचं यंत्र लावून वाळवण्याची घाई केली तर वरचा थर वाळतो, आतला ओलाच राहतो आणि कातडी भाजण्याचाही धोका असतो.

पहिले दोन दिवस: सूज

हाड मोडल्यावर आत रक्त साकळतं आणि सूज चढते. पहिले 48 तास ती वाढत जाते. बाहेरून प्लास्टर, म्हणजे हाताला फुगायला जागा नाही. म्हणून या दोन दिवसांत घरच्यांचं मुख्य काम एकच: हात उंच ठेवणं.

उंच म्हणजे छातीपेक्षा वर, आणि त्यातही कोपरापेक्षा मनगट वर, मनगटापेक्षा बोटं वर. मूल झोपलं असेल तर शेजारी दोन उशा रचून त्यांवर हात ठेवावा. बसलं असेल तर खुर्चीच्या हातावर उशी. चालताना गळ्यातली झोळी हवी, पण ती सैल लोंबती नको. हात पोटाशी लोंबत राहिला तर सूज बोटांत उतरते. झोळीतही बोटं कोपरापेक्षा वरच असावीत. झोपताना गळ्यातली झोळी काढून ठेवावी.

बोटं मोकळी आहेत, ती हलवत राहायची. जागेपणी तासातासाला दहा-दहा वेळा मूठ मिटायची आणि उघडायची. मूल घाबरून हलवत नाही, म्हणून त्याला खेळाचं निमित्त द्यावं. दगड-कागद-कात्री हा खेळ इथे फार उपयोगी पडतो, कारण हाताच्या तीन नसांची तपासणी त्यातच होऊन जाते. दगडाची मूठ वळताना एक नस काम करते, कागदाचा पंजा सरळ करताना दुसरी, आणि कात्रीची दोन बोटं फाकवताना तिसरी. शेवटी अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळवून गोल करायला सांगावं. तो नीट गोल झाला पाहिजे. प्लास्टरमुळे मूठ पूर्ण वळत नसेल तरी हरकत नाही. काल जेवढं जमत होतं तेवढं आज जमतं का, हे बघायचं.

खेळ झाला की एक छोटी तपासणी. बोटाच्या नखावर क्षणभर दाबून सोडावं. नख पांढरं होतं आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतं. मग दोन्ही हातांची बोटं हातात धरून ऊब सारखीच आहे का बघावं. मुलाला डोळे मिटायला सांगून एकेका बोटाला हलका स्पर्श करावा आणि कोणतं बोट ते विचारावं. पहिले दोन दिवस मूल जागं असताना हे दर दोन-तीन तासांनी करावं, आणि रात्री निदान एकदा उठून बोटं बघावीत.

दुखणं आणि औषध

पहिल्या दोन-तीन दिवसांत दुखतं. आपल्या उदाहरणातल्या मुलाला डॉक्टरांनी पॅरासिटामॉलचं पातळ औषध दिलं. इथे घोटाळा होतो तो चमच्यावरून. मात्रा वजनावर ठरते: एका वेळी दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. पंचवीस किलोच्या मुलाला 15 च्या हिशेबाने 375 मिलिग्रॅम झाले. बाजारात एका बाटलीत 5 मिलीमध्ये 125 मिलिग्रॅम असतं, दुसरीत 250. म्हणजे तीच मात्रा पहिल्या बाटलीतून 15 मिली आणि दुसरीतून साडेसात मिली. मोठ्या बहिणीसाठी आणलेली जुनी बाटली कपाटातून काढून अंदाजाने दिली, तर मात्रा निम्मी किंवा दुप्पट होऊ शकते. लेबल वाचावं, बाटलीसोबतच्या मापानेच द्यावं आणि दोन मात्रांमध्ये सहा तासांचं अंतर ठेवावं. चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नकोत. सर्दीच्या कित्येक औषधांतही पॅरासिटामॉल असतं, ती सोबत देऊ नयेत. ॲस्पिरिन लहान मुलांना देऊच नये. डॉक्टरांनी लिहिलेली मात्रा वेगळी असेल तर तीच पाळावी.

औषध किती वाजता दिलं ते लिहून ठेवावं. पुढच्या मुद्द्यासाठी ती नोंद लागते.

ज्या दुखण्याला थांबायचं नाही

हाड जागेवर बसवलं, हात उंच ठेवला, औषध दिलं, की दुखणं तासागणिक नसलं तरी दिवसागणिक कमी व्हायला हवं. ते उलट वाढत चाललं तर ती पहिली घंटा आहे. कोपराखालचे स्नायू घट्ट पडद्यांच्या कप्प्यांत असतात. सूज वाढली आणि बाहेरून प्लास्टर आवळलं, की कप्प्यात दाब चढतो आणि स्नायूंना रक्त पोचत नाही. साधारण सहा ते आठ तास असं राहिलं तर स्नायू मरतात, आकसतात आणि बोटं कायमची वाकडी होतात. जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी 1881 मध्ये या अवस्थेचं वर्णन लिहिलं तेव्हा घट्ट बांधलेल्या पट्ट्या हेच कारण त्यांनी पुढे मांडलं होतं.

मूल हे सगळं शब्दांत सांगत नाही. आठ वर्षांचं पोर फार तर 'आई, लई दुखायलंय' म्हणेल, पाच वर्षांचं नुसतं रडेल. म्हणून बघायच्या खुणा ठरलेल्या आहेत. मूल बेचैन आहे, काही केल्या गप्प होत नाही. ते भेदरलेलं दिसतं. आणि औषधाची वेळ व्हायच्या आधीच पुन्हा औषध मागतं. चार तासांवरून तीन, तीनावरून दोन. लिहून ठेवलेल्या वेळा इथे कामाला येतात. याला जोडून एक परीक्षा: बोटं हळूच सरळ करून बघावीत. बोट ताणल्याबरोबर मूल किंचाळलं, तर ती गंभीर खूण आहे.

बोटं निळसर किंवा पांढरी पडणं, गार पडणं, बधिर होणं, मुंग्या येणं, हलेनाशी होणं, या खुणाही तेवढ्याच महत्त्वाच्या आहेत. पण त्यांची वाट बघत बसू नये. दाब वाढत असताना बोटं गुलाबी आणि ऊबदार राहू शकतात. 'बोटं तर लाल आहेत की' म्हणून सकाळपर्यंत थांबलं, तर वेळ निघून गेलेली असते. वाढतं दुखणं हीच पुरेशी खूण.

हात खाली राहिला असेल किंवा ठरलेली मात्रा चुकली असेल, तरच आधी हात तासभर उंच ठेवून आणि ती मात्रा देऊन बघावं. ठरलेली औषधं वेळेवर देऊन, हात उंच ठेवूनही दुखणं उतरत नसेल, किंवा बोटांच्या खुणांपैकी एकही दिसली, तर रात्र असो की पहाट, निघावं. बोटांची एकही खूण दिसली किंवा बोट ताणल्यावर मूल किंचाळलं, तर तो एक तासही थांबायचं नाही. वडगावातल्या घराला बेळगावचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे बिम्स, आणि केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे हॉस्पिटल शहरातच आहेत. निपाणीकडच्या घरांनी अंतराचा हिशेब आधीच करून ठेवावा. तिथून बेळगाव सुमारे 75 किलोमीटर, कोल्हापूर सुमारे 40. म्हणून कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय जवळ पडतं. रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक कर्नाटकात आणि महाराष्ट्रात दोन्हीकडे चालतो. ज्या दवाखान्यात प्लास्टर बांधलं तिथेच परत गेलं पाहिजे असं नाही. हाडांचे डॉक्टर रात्री हजर असतील असं जवळचं रुग्णालय गाठावं.

निघताना तीन गोष्टी. एक, आता हात डोक्यावर धरू नये, छातीच्या पातळीवर ठेवावा. फार उंच धरला तर आधीच कमी पोचणारं रक्त आणखी कमी होतं. दोन, वाटेत मुलाला खायला-प्यायला देऊ नये, कारण गेल्या गेल्या भूल द्यावी लागू शकते. शेवटचं कधी खाल्लं ते मात्र सांगावं. तीन, कच्चं प्लास्टर असेल तर डॉक्टरांना फोन लावून त्यांनी सांगितलं तरच वरचं क्रेप बँडेज सैल करावं, कडक पट्टी काढू नये. पक्कं प्लास्टर घरी कात्रीने, करवतीने कापायला जाऊ नये.

सुजेला जागा लागते, म्हणूनच हाडवैद्याकडे नेऊन वरून कामट्या आवळून घेणं फार धोक्याचं. सीमाभागात आजही काही घरं प्लास्टर सोडवून लेप आणि कामट्यांकडे वळतात. बांबूच्या कामट्या गच्च आवळल्यावर सुजेला जागाच उरत नाही, आणि कातडी झाकलेली असल्याने आतलं काळं पडणं दिसत नाही. अशाने बोटं, कधी हातही गमावलेली मुलं भारतातल्या अनेक रुग्णालयांनी पाहिली आहेत.

मधले आठवडे: पाणी, खाज आणि सैल प्लास्टर

दोन-तीन दिवसांनी सूज उतरू लागते, मूल हसू-खेळू लागतं. आता शत्रू बदलतो. वडगावच्या पावसात तो पाणी असतो.

पांढरं प्लास्टर भिजलं की भुसभुशीत होतं आणि हाड धरून ठेवायची ताकद गमावतं. फायबरचा कडकपणा पाण्याने जात नाही, त्यामुळे पालकांना वाटतं की भिजलं तरी चालेल. पण आत कापूस असतो. तो भिजला की दिवसेंदिवस ओला राहतो, खालची कातडी पांढरी, मऊ पडते, सोलवटते आणि वास येऊ लागतो. म्हणून दोन्ही प्रकार कोरडेच ठेवायचे.

आंघोळ बादलीतूनच घालावी. प्लास्टरच्या वरच्या कडेला कोरडा पातळ टॉवेल गुंडाळावा, त्यावर भोक नसलेली प्लॅस्टिकची पिशवी चढवावी आणि पिशवीचं तोंड टॉवेलवर चिकटपट्टीने बंद करावं. टॉवेल ओघळणारं पाणी शोषून घेतो. रबरबँड लावायचं असेल तर टॉवेलवरून आणि तेवढ्यापुरतंच, आंघोळ झाली की लगेच काढावं. हात बादलीच्या बाहेर, वर धरलेला. पिशवी घातली म्हणून हात पाण्यात बुडवायचा नाही. आंघोळीनंतर पिशवी काढून टाकावी, नाहीतर आत घाम साचतो. शाळेत जाताना पूर्ण बाह्यांचा रेनकोट, हात आतून पोटाशी, आणि दप्तरात एक सुटी पिशवी.

कडेला दोन थेंब उडाले तर कोरड्या फडक्याने टिपून पंख्याखाली बसवावं. केस वाळवायचं यंत्र असेल तर गार हवेवर लावावं. आतला कापूस ओला लागतोय, प्लास्टर मऊ पडलंय किंवा तडा गेलाय असं वाटलं, तर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी दाखवावं. बहुतेक वेळा बदलून मिळतं.

खाज ही दुसऱ्या आठवड्यातली तक्रार. मुलं फूटपट्टी, पेन्सिल, उदबत्तीची काडी, विणायची सुई, हाताला लागेल ते आत सारतात. प्लास्टरखालची कातडी घामेजून नाजूक झालेली असते. काडीने ओरखडा उठला की तिथे जंतू वाढतात आणि ते कोणाला दिसत नाही. काडीचं टोक मोडून आत राहिलं तर तिथे फोड होतो. पावडर टाकली की ती घामात मिसळून गोळे धरते, खोबरेल सोडलं तर कापूस चिकट होतो. यातलं काहीच नको. खाजेच्या जागी प्लास्टरवर बाहेरून टिचक्या माराव्यात, कडेवरून गार हवा सोडावी, खोली गार ठेवावी. झोपच लागत नसेल तर डॉक्टर खाजेचं औषध देतात.

वडगाव, खासबाग, शहापूर या विणकरांच्या वस्तीत, जिथे घरातच माग चालतात, तिथे आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. मागाच्या खोलीत उडणारा सुताचा बारीक तंतू प्लास्टरच्या कडेतून आत जातो आणि घामाबरोबर टोचू लागतो. निपाणीकडे तंबाखूच्या भुकटीचं तसंच होतं. मुलाला त्या खोलीपासून लांब ठेवावं आणि बाहेर असताना कडेवर सैल पायमोजा चढवावा. दुसरं म्हणजे प्लास्टरचा हात अवजड असतो आणि मुलाला त्याचा अंदाज नसतो. चालत्या यंत्रमागाजवळ तो हात अडकायला वेळ लागत नाही.

सैल पडलेलं प्लास्टर ही या काळातली सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट. सूज उतरल्यावर प्लास्टर जरा मोकळं होतं. एक बोट आत जाईल इतपत चालतं. पण हात आत गोल फिरतोय, प्लास्टर पुढे सरकून बोटांवर येतंय, कधी निघूनच येईल असं वाटतंय, तर ते हाडाला धरून नाही. बसवलेलं हाड जागचं सरकतं ते मुख्यतः पहिल्या दोन आठवड्यांत, आणि सरकताना फारसं दुखतही नाही.

म्हणूनच पहिल्या आणि बहुधा दुसऱ्या आठवड्यात पुन्हा फोटो काढायला बोलावतात. मुलगा हसतोय, खेळतोय, शिवाय पाऊस आहे, शेतीची कामं आहेत, म्हणून ही तारीख चुकवली जाते. आपल्या उदाहरणातल्या घरच्यांनी ती चुकवली नाही. पुढच्या मंगळवारच्या फोटोत हाड जरासं कललेलं दिसलं. डॉक्टरांनी प्लास्टर बदलून नीट बसतं केलं आणि पुन्हा एका आठवड्याने बोलावलं. हेच तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लक्षात आलं असतं, तर हाड तोवर नव्या हाडाने जुळत आलेलं असतं आणि सरळ करायला भूल, कधी शस्त्रक्रियाही लागली असती.

याची दुसरी बाजूही पालकांना माहीत हवी. फोटोत हाड थोडं तिरकं दिसतंय आणि डॉक्टर म्हणतात 'चालेल', तेव्हा ते अंगाबाहेर टाकत नसतात. मनगटाजवळ हाड वाढण्याची चकती असते आणि रेडियस या हाडाची तीन चतुर्थांशाहून जास्त वाढ तिथूनच होते. आठ वर्षांच्या मुलाची अजून बरीच वर्षं वाढ बाकी आहे. त्या वाढीबरोबर मनगटाजवळचा मर्यादित बाक सरळ होत जातो. तेराव्या-चौदाव्या वर्षी किंवा मोड कोपराच्या दिशेने वर असली तर ही सवलत कमी मिळते. किती बाक चालेल ते वय आणि जागा बघून डॉक्टर ठरवतात.

या आठवड्यांत वासाकडे नाक ठेवावं. घामट वास येणारच. पण कुजका वास, प्लास्टरवर आतून उमटलेला नवा डाग, एकाच जागी जळजळ होऊन मग ती अचानक थांबणं, कारण नसताना ताप, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवावं. जळजळ थांबली म्हणजे बरं झालं असं नसतं. दाबाखालची कातडी बधिर होऊनही ती थांबते.

बाकी मूल शाळेत जाऊ शकतं. खेळाचा तास, पळापळीचे खेळ आणि सायकल प्लास्टर असेपर्यंत पूर्ण बंद. कोपर आणि खांदा मात्र रोज हलवायचे. प्लास्टर कोपराखाली असेल तर कोपर वाकवणं-सरळ करणं, आणि दिवसातून तीन-चार वेळा हात पूर्ण डोक्यावर नेणं, नाहीतर झोळीत पडून खांदाही आखडतो. बांगडी, अंगठी, मनगटाचा धागा पहिल्याच दिवशी काढलेला असावा; राहिला असेल तर सूज असताना तोच फास होतो.

प्लास्टर निघताना आणि नंतर

किती दिवस ठेवायचं हे मोडीवर ठरतं. हाड नुसतं दबून फुगलेलं असेल, तर तीन आठवडे साधा आधार पुरतो. ब्रिटनमध्ये 965 मुलांवर केलेल्या आणि 2022 मध्ये 'लॅन्सेट'ने छापलेल्या अभ्यासात अशा दबक्या मोडीसाठी मऊ बँडेज आणि कडक आधार यांत दुखण्याचा फरक दिसला नाही. त्यामुळे शेजारच्या मुलाला नुसतं बँडेज आणि आपल्या मुलाला प्लास्टर, हे दोन्ही बरोबर असू शकतं. आपल्या उदाहरणातल्यासारखी, एका बाजूने तुटलेली मोड साधारण चार ते सहा आठवडे घेते.

प्लास्टर कापायच्या यंत्राचा आवाज ऐकून मुलं किंचाळतात. त्याचं पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. कडक पदार्थ कापतं, मऊ कातडी त्याच्याबरोबर हलते म्हणून सहसा कापली जात नाही. पातं गरम मात्र होतं. मुलाला आधी सांगून ठेवावं की फार गरम लागलं तर लगेच बोल, आणि तंत्रज्ञालाही थांबायला सांगावं.

आतून निघालेला हात बघून घरचे दचकतात. तो बारीक झालेला असतो, कातडी कोरडी, खवल्यांची, केस जास्त गडद दिसतात, मनगट आखडलेलं. हे सगळं अपेक्षित आहे. कोमट पाण्यात दहा मिनिटं हात बुडवावा, खवले घासून काढू नयेत, मग खोबरेल हलक्या हाताने लावावं. याच वेळी आजीला मालिशवाला आठवतो. ओढून, दाबून, जोर लावून मालिश करून घेऊ नये. नुकतं जुळलेलं हाड पुन्हा दुखावतं आणि सांधा मोकळा व्हायच्या ऐवजी आखडतो. मूल स्वतः खेळता खेळता मनगट वापरतं तेवढाच व्यायाम बहुतेकांना पुरतो. कोमट पाण्याच्या टबात मनगट वर-खाली करणं, ओला स्पंज पिळणं, पीठ मळायला आईला मदत करणं. तीन-चार आठवड्यांनीही मनगट निम्मं सुद्धा वळत नसेल तर व्यायामाच्या तज्ज्ञाकडे पाठवतात.

प्लास्टर निघालं त्या दिवशी हाड जुळलेलं असतं, पण पूर्ण ताकदीला आलेलं नसतं. एका बाजूने मोडलेली हाडं, विशेषतः हाताच्या मधल्या भागातली, पुढच्या काही महिन्यांत पडलं तर त्याच जागी पुन्हा मोडू शकतात. लिहिणं, जेवणं, दप्तर उचलणं लगेच सुरू करावं. सायकल, झाडावर चढणं, कबड्डी, क्रिकेट यांना निदान चार ते सहा आठवडे थांबावं आणि मधल्या भागातली मोड असेल तर डॉक्टर सांगतील तेवढं जास्त. शाळेच्या खेळाच्या शिक्षकांना ही तारीख कागदावर लिहून द्यावी, कारण मुलाच्या तोंडून ती कधीच पोचत नाही. या काळात हात पुन्हा सुजला, मोडीच्या जागी बोट ठेवल्यावर दुखू लागलं किंवा हाताचा आकार बदलल्यासारखा वाटला, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता फोटो काढून घ्यावा, आणि जाताना जुने सगळे फोटो सोबत न्यावेत. आधीच्या फोटोशी ताडून पाहिल्यावर डॉक्टरांना फरक लगेच कळतो.